शोकाला गोळी केव्हा लागते

«डॉक्टर, वडिलांना जाऊन चार महिने झाले. आईचे वय ६६. ती अजून रडते, जेवण तुटले आहे, रात्रीची झोप नाही. गावातल्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळ्या सुरू केल्या, त्यालाही आता सात आठवडे झाले. बहीण म्हणते, हा आजारच नव्हे, गोळ्या आजच बंद करा. दुःख, म्हातारपण, बाळंतपण सगळ्यांचा आजार करून ठेवलाय, असे तिने वाचले आहे. मला भीती वाटते की बंद केल्या तर भलतेच काही होईल. नक्की बरोबर कोणाचे?» — कोरेगाव तालुका, जि. सातारा

गोळ्या सुरू करण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. त्या एकदम बंद मात्र करू नका. सात आठवडे रोज घेतलेली नैराश्याची गोळी अचानक थांबवली की पुष्कळ जणांना चक्कर येते, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे होते, चिडचिड होते आणि रडू कोसळते. घरच्यांना वाटते की आजार उलटला, म्हणून गोळी पुन्हा सुरू होते आणि मग ती वर्षानुवर्षे चालते. सोबत झोपेची गोळी असेल, आणि आपल्याकडे ती बहुधा असतेच, तर ती अचानक तोडणे अधिक जोखमीचे असते. तेव्हा बंद करायच्या झाल्यास त्या देणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने कमी करायच्या.

आता तुमच्या बहिणीच्या म्हणण्याकडे येतो. जगण्यातल्या अडचणी हळूहळू वैद्यकाच्या भाषेत सांगितल्या जाऊ लागतात, त्यांना निदानाचे नाव मिळते आणि उपाय दवाखान्यात शोधला जातो, या प्रक्रियेला समाजशास्त्रात वैद्यकीयीकरण म्हणतात. पीटर कॉनराड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने तिचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि १९७० च्या दशकातच इव्हान इलिच या विचारवंताने आधुनिक वैद्यकाने माणसाची दुःख सोसण्याची आपली रीतच हिरावून घेतली, असा घणाघाती आरोप केला होता. इलिचचे सगळेच मला पटत नाही. त्या आरोपात नवजात बालकांच्या धनुर्वातापासून वाचलेल्या पोरांचा हिशेब कुठे दिसत नाही. तरीही बाळंतपणाचे उदाहरण घेतले, तर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांत सुमारे ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली आणि सरकारी रुग्णालयांत सुमारे १४ टक्के. हा एवढा फरक बायकांच्या शरीररचनेतून आलेला नाही, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. म्हातारपणाची गोष्टही तशीच आहे. हाडांची घनता तरुण स्त्रीच्या सरासरीशी ताडून पाहिली, तर साठी ओलांडलेल्या बहुतेक बायका कुठल्या ना कुठल्या निदानाच्या चौकटीत बसतात. या दोन्ही विषयांवर बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा त्या त्या शाखेतल्या लोकांचा अधिक आहे. मी साताऱ्यात गेली सव्वीस वर्षे मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, म्हणून दुःखापुरतेच बोलतो. तुमच्या घरातला प्रश्नही तोच आहे.

शोक कुठे संपतो आणि नैराश्य कुठे सुरू होते, ही रेघ गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत अनेकदा पुसून पुन्हा ओढली गेली आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेची जी निदानसूची डीएसएम या नावाने ओळखली जाते, तिच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने नैराश्याचे निदान लक्षणांच्या यादीवर आणले: उदास मन, कशात रस नसणे, झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणे, अपराधीपणा, मरणाचे विचार, यांपैकी ठरावीक लक्षणे सलग दोन आठवडे असली की निदान पक्के. त्या यादीला एकच अपवाद होता. माणूस गेल्यानंतर ही सगळी लक्षणे दिसली तरी तो स्वाभाविक शोक समजावा, असे तिथे म्हटले होते. हा अपवाद कोणाच्या दयाबुद्धीतून आलेला नव्हता. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात पॉला क्लेटन यांनी विधवा आणि विधुरांचा अभ्यास केला होता, त्यात जोडीदार गेल्यानंतर महिन्याभराने पाहिले तर सुमारे एक तृतीयांश लोक यादीप्रमाणे नैराश्यग्रस्त ठरत होते आणि त्यांतल्या बहुतेकांचे पुढे औषधाविना निवळत गेले होते. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत या अपवादाला दोन महिन्यांची मुदत लागली. २०१३ साली पाचव्या आवृत्तीने तो अपवादच काढून टाकला आणि त्या जागी, डॉक्टरांनी तारतम्य वापरावे, अशा अर्थाची एक टीप ठेवली. म्हणजे त्या सूचीनुसार वडिलांच्या बाराव्याला आईला भूक नाही, झोप नाही, कशात मन नाही, तर चौदाव्या-पंधराव्या दिवशी ती कागदोपत्री रुग्ण होऊ शकते.

यावर जो वाद पेटला, त्यात दोन्ही बाजूंचे लोक बुद्धिमान होते आणि गंमत अशी की त्यांचा पुरावा जवळजवळ एकच होता. केनेथ केंडलर आणि त्यांच्या बाजूच्या संशोधकांचे म्हणणे असे, की मृत्यूनंतर येणारे नैराश्य आणि घटस्फोट, नोकरी जाणे, घर बुडणे यांनंतर येणारे नैराश्य तपासले तर दोघांत फारसा फरक दिसत नाही, मग एकट्या मृत्यूलाच सूट का द्यायची? समोरच्या बाजूने जेरोम वेकफील्ड यांनीही हेच साम्य दाखवले आणि निष्कर्ष नेमका उलटा काढला: फरक नाही ना, मग सूट काढू नका, तीच सूट घटस्फोटाला आणि बुडालेल्या घरालाही द्या. वेकफील्ड आणि ॲलन होरविट्झ यांनी २००७ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेला मुख्य मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. लक्षणे मोजायची आणि ती कशामुळे आली ते मात्र विचारायचे नाही, अशी पद्धत एकदा स्वीकारली की कारण असलेले दुःख आणि कारणाविना किंवा कारणाच्या प्रमाणाबाहेर बिघडलेले मन यांत भेद करायला हातात काही उरत नाही. चौथ्या आवृत्तीचे प्रमुख ॲलन फ्रान्सेस यांनीच पाचव्या आवृत्तीवर जाहीर टीका केली, ही बाबही बोलकी आहे.

टीकाकारांपैकी आर्थर क्लाइनमन यांचे नाव मी मुद्दाम वेगळे घेतो. हे हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. २०११ मध्ये त्यांची पत्नी गेली आणि पुढच्या वर्षी त्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की आपली झोप उडाली, भूक मेली, वजन उतरले, कामात लक्ष लागेना, आणि हे सगळे मंदावायला सहा महिन्यांच्या आसपास लागले. निदानसूचीप्रमाणे आपण कधीच रुग्ण झालो असतो. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की शोक किती काळ चालणे योग्य, याचे एकच उत्तर सगळ्या समाजांसाठी कोण आणि कशाच्या आधारावर देणार?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर पंचांगात आणि रूढीत आहे, फक्त आपण त्याकडे उत्तर म्हणून पाहत नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, दहावा, बारावा-तेरावा, मग दर महिन्याचे मासिक आणि शेवटी वर्षश्राद्ध. वर्षभर घरात सण गोडाधोडाचा होत नाही आणि पहिल्या सणाला भाऊबंद येऊन दुखवटा काढतात. हे सगळे हळूहळू मोकळे करण्याचे टप्पे आहेत. त्यांत कर्मठपणा आहे, खर्च आहे आणि बाईच्या वाट्याला जे येते त्याबद्दल पुढे बोलतोच; पण चार महिन्यांनी आई रडते, यात आपल्या जुन्या हिशेबाप्रमाणे वेगळे काही नाही. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या आजारांच्या सूचीसह मान्यताप्राप्त निकषांकडे बोट दाखवतो. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीने शोकाबाबत अमेरिकी सूचीपेक्षा अधिक सावधपणा ठेवला आहे. शोककाळात नैराश्याचा संशय केव्हा घ्यावा, हे तिथे सांगितले आहे: महिना किंवा अधिक काळ उदासी अखंड आहे, मधे सुखाचा एकही क्षण येत नाही, स्वतःला टोकाचे कवडीमोल समजणे, गेलेल्या माणसाशी संबंध नसलेला अपराधीपणा, भ्रम, आत्महत्येचे विचार, हालचाल आणि बोलणे मंदावणे. यातला अपराधीपणाचा मुद्दा मी एका रुग्ण बाईंकडून शिकलो, आणि त्यात चूक माझी होती.

त्या रहिमतपूरच्या बाजूच्या एका गावातल्या, वय ६८. नवरा गेल्यावर चाळीस दिवसांनी मुलगा त्यांना घेऊन आला. गावातल्या डॉक्टरांनी नैराश्यावरचे एस्सिटालोप्राम पाच मिलिग्रॅम आणि झोपेचे क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी आधीच सुरू केली होती. सोमवार होता, बाजाराचा दिवस, बाहेर पन्नास-साठ लोक बसलेले. आमच्या सहायकाने नेहमीप्रमाणे नऊ प्रश्नांचा तक्ता भरून आणला. हा तक्ता पीएचक्यू-९ या नावाने जगभर चालतो. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस, आणि दहा किंवा अधिक झाले की नैराश्याचा संशय. बाईंना झोपेला तीन, उदासीला तीन, रस नसणे दोन, थकवा दोन, भूक दोन, लक्ष न लागणे दोन, अपराधीपणा एक, असे पंधरा गुण पडले होते. पंधरा म्हणजे मध्यम-तीव्र. मी सात-आठ मिनिटे बोललो, गोळीतला एस्सिटालोप्रामचा भाग दहा मिलिग्रॅम केला आणि महिन्याने बोलावले.

त्या तक्त्यात घरात कोणी गेले का, असा प्रश्न नाही. त्याच्या मूळ कागदासोबत डॉक्टरांसाठी जी सूचना होती, तिच्यात निदानापूर्वी स्वाभाविक शोक, शारीरिक आजार आणि इतर औषधे वगळून पाहावीत, असे स्पष्ट लिहिले आहे; झेरॉक्सची झेरॉक्स होता होता ती सूचना गळून पडली आणि नुसते प्रश्न उरले. हा तक्ता फायझर या औषध कंपनीच्या अनुदानातून तयार झाला आणि त्या कंपनीची स्वतःची नैराश्याची गोळी बाजारात होती, याकडे टीकाकार बोट दाखवतात. ते खरे आहे. तरी माझ्या चुकीचे खापर मी कंपनीवर फोडणार नाही. तक्ता चाळणी म्हणून चांगला आहे. मी चाळणीलाच तराजू समजलो.

तीन आठवड्यांनी मुलाचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली, मनगट मोडले, आणि दोन दिवसांपासून असंबद्ध बोलते, नातवाला थोरल्या दिराच्या नावाने हाक मारते. शहरातल्या एका रुग्णालयात प्लास्टर झाले आणि तिथे म्हातारपणाच्या स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी, एमआरआय करून घ्या, असे सांगण्यात आले. मी रक्तातले सोडियम तपासायला सांगितले. ते १३५ ते १४५ असायला हवे, आले १२१. बाईंची रक्तदाबाची गोळी मी पहिल्या भेटीत विचारली होती, पण तिची पट्टी उलटून पाहिली नव्हती. तिच्यात रक्तदाबाच्या औषधासोबत लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड होते. वय जास्त, स्त्री, अंगाने किरकोळ, जेवण तुटलेले, रक्तदाबाच्या गोळीत थायझाइड आणि वरून एस्सिटालोप्राम: सोडियम उतरायला याहून अनुकूल स्थिती शोधून सापडायची नाही, आणि ते उतरते बहुधा पहिल्या दोन-चार आठवड्यांतच. तोल जायला क्लोनाझेपाम मदतीला होतेच. एस्सिटालोप्राम आणि थायझाइड थांबवले, सोडियम सावकाश वर आणले, कारण ते घाईने वाढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि आठवड्याभरात बाई नातवाला नातवाच्या नावाने हाका मारू लागल्या. म्हणजे पाहा, दुःखाचे नैराश्य झाले, नैराश्याच्या गोळीने भ्रम झाला आणि भ्रमाचे म्हातारपण झाले. तीन निदाने, तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांची, आणि मधले माझे.

त्यानंतर मी त्यांच्याशी पहिल्यांदा नीट बोललो. झोप कशी आहे, याऐवजी रात्री किती वाजता जाग येते, असे विचारले. म्हणाल्या, दोनला. दोनलाच का? त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की शहरातल्या माणसाला एवढेही कळत नाही. «रातची लाईट असायची न्हवं. मालक दोनला उठायचं मोटर चालू कराया, मी च्या ठेवायची.» त्यांच्या मळ्यात आल्याचे पीक होते. शेतीपंपाला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज, आणि आल्याला पाणी चुकवून चालत नाही. तीस वर्षे त्या बाई रात्रपाळीच्या आठवड्यात दोन वाजता उठल्या होत्या. मी ज्याला मध्यरात्री झोपमोड होणे म्हणून तीन गुण दिले, ती महावितरणच्या वेळापत्रकाची आणि संसाराची सवय होती. तीन गुण चुकीचे होते असे नव्हे. त्यांना झोप खरोखरच नव्हती. पण त्या झोपेवर क्लोनाझेपाम हे उत्तर नव्हते.

अपराधीपणाचेही तसेच. संध्याकाळी मालक छातीत जळजळतंय म्हणाले, यांनी सोडा पाण्यात घालून दिला आणि ते पहाटे गेले. «म्या तवाच गाडी बोलवाया पायजे हुती.» ही वेदना खोल आहे, पण ती त्या माणसाभोवती आणि त्या रात्रीभोवती फिरते. मी जगायलाच नालायक आहे, मी घराला लागलेली कीड आहे, असे त्या म्हणत नव्हत्या. नातवाने शाळेतली नक्कल करून दाखवली तर हसत होत्या, आणि हसल्यावर पदराने तोंड झाकत होत्या. गेलेला माणूस ओट्यावर बसलेला दिसतो, असेही त्यांनी आवाज खाली करून सांगितले. वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांना विचारले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी गेलेला जोडीदार जवळ आहे असे जाणवते, दिसतो किंवा ऐकू येतो, असे सांगितले होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी हे आधी कोणालाच सांगितले नव्हते. त्याला वेड म्हणायचे कारण नाही, आणि त्यावर गोळी द्यायचेही नाही.

आणखी एक गोष्ट बाहेर आली, जी कुठल्याच तक्त्यात बसत नाही. सातबाऱ्यावर वारस नोंद लागली नव्हती, दिराने बांधावरून कुरबूर सुरू केली होती आणि बँकेतले पैसे नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर अडकले होते. टीकाकार म्हणतात की वैद्यकीयीकरण सामाजिक कारण झाकून टाकते, ते असे. मुलाला मी तलाठी कार्यालयाच्या खेपा घालायला लावल्या. नोंद लागल्यावर बाईंच्या जेवणात जो फरक पडला, तो माझ्या कोणत्याही चिठ्ठीने पडला नव्हता. विधवेच्या दुःखातले किती दुःख मृत्यूचे आणि किती आपण मागाहून लादलेले, हेही पाहावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. हळदीकुंकवाला आता बोलावणे येत नाही म्हणून गुदमरलेली बाई माझ्यासमोर रडते, तेव्हा तिच्या मेंदूतल्या रसायनांबद्दल बोलणे मला अप्रामाणिक वाटते.

मात्र हे सगळे वाचून तुमच्या बहिणीने विजयाची मुद्रा करू नये. खटाव तालुक्यातले एक गृहस्थ, वय ५४, पत्नी गेल्यानंतर अडीच महिन्यांनी माझ्याकडे आले. त्याआधी सगळ्या भावकीने, बायको गेलीय, होणारच, काळ हेच औषध, असे म्हणून त्यांना घरीच ठेवले होते. त्यांचे वजन अकरा किलोंनी उतरले होते. ते बोलायचे थांबले होते, आणि बोलले तर माझे आतडे कुजले आहे, अन्न जाणार कुठे, असे म्हणत. पत्नीबद्दल विचारले तर डोळ्यांत पाणी येत नव्हते. दुःखाच्याही पलीकडे गेले होते. गोठ्यात कीटकनाशकाचा डबा जागचा हलवलेला सापडला, तेव्हा भाऊ हबकला आणि घेऊन आला. त्यांना तीन आठवडे रुग्णालयात ठेवावे लागले, औषधे द्यावी लागली, आणि ते बरे झाले. होरविट्झ आणि वेकफील्ड असे रुग्ण नाकारत नाहीत, पण त्यांचे म्हणणे तोंडोतोंडी गावापर्यंत येते तेव्हा त्याचे रूपांतर, दुःखाला औषध नसते, अशा सुभाषितात होते आणि ते जीवघेणे ठरू शकते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. आपल्याकडे एकाच गल्लीत गरज नसलेल्याला गोळी मिळते आणि गरज असलेला गोठ्यात डबा शोधतो. पाश्चात्त्य टीका जशीच्या तशी उचलली तर या दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते.

तिसरी शक्यता लांबलेल्या शोकाची आहे. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत आणि २०२२ मध्ये अमेरिकी सूचीतही तिला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. आयसीडीत किमान सहा महिने आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे अधिक, अमेरिकी सूचीत प्रौढांसाठी किमान एक वर्ष. गेलेल्या माणसाची ओढ रोजची, तीव्र, आणि त्यापुढे बाकी सगळे जगणे थांबलेले, असे तिचे रूप असते. हेही वैद्यकीयीकरणच, असे टीकाकार म्हणतात आणि त्यांची भीती निराधार नाही. पण या निदानातून एक उपयोगी उत्तर मिळाले. कॅथरीन शिअर यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशा ३९५ लोकांना सिटालोप्राम किंवा लुटुपुटुची गोळी दिली, आणि निम्म्यांना सोबत शोकावर केंद्रित अशी संवादोपचाराची सोळा सत्रे दिली. सत्रे मिळालेल्यांत शोक स्पष्टपणे निवळला. सिटालोप्रामने शोकावर खात्रीलायक जादा फरक पडला नाही, नैराश्याची लक्षणे तेवढी सत्रांच्या जोडीने कमी झाली. सिटालोप्राम ही तुमच्या आईंना बहुधा दिलेल्या एस्सिटालोप्रामची सख्खी बहीण आहे. म्हणजे गोळी नैराश्यावर काम करते, शोकावर नाही. आणि म्हणूनच दोघांतला भेद ओळखणे हा शब्दांचा खेळ राहत नाही.

तुमच्या आईंना मी पाहिलेले नाही, त्यामुळे निदान सांगत नाही. चार महिने ही मुदत लांबलेला शोक म्हणायला दोन्ही सूचींप्रमाणे अपुरी आहे. राहिला प्रश्न नैराश्याचा, तर आठवडाभर तुम्ही आणि बहीण मिळून काही गोष्टी पाहा. रडू लाटेसारखे येते आणि ओसरते का, की सकाळ-संध्याकाळ एकच करडेपणा आहे? नातवंड, शेजारीण, देवळातले भजन यांपैकी कशानेही घटकाभर चेहरा उजळतो का? स्वतःला दोष देतात तो वडिलांच्या आजारपणातल्या एखाद्या गोष्टीबद्दल, की आपण जन्मालाच यायला नको होते असा? «त्यांच्यामागं मीही गेले असते तर बरं» हे वाक्य आपल्याकडे बायका सहज बोलतात आणि त्याचा अर्थ बहुधा सोबतीची ओढ एवढाच असतो, तरी एकदा सरळ विचारा, की जीव द्यावा असे मनात येते का, आणि कसा, हे ठरवले आहे का. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर होकारार्थी असेल, किंवा जेवण जवळजवळ बंद झाले असेल, किंवा भलतेच भास-समज असतील, तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. अडल्यास १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक रात्रीही चालतो.

यांतले काही नसेल, तर गोळी देणाऱ्या डॉक्टरांकडेच परत जा आणि ती किती दिवसांसाठी आहे, असे विचारा. बहुतेकदा चिठ्ठीवर सुरुवातीची तारीख असते, शेवटची नसते. सात आठवड्यांत काहीच फरक नसेल तर चालू ठेवण्याचे कारण त्यांनी सांगायला हवे. फरक असेल, पूर्वीही कधी नैराश्य येऊन गेले असेल, तर काही महिने ठेवणे योग्य ठरू शकते. थांबवायचे ठरले तर दोन्ही गोळ्या एकाच वेळी कमी करू नयेत. एक पूर्ण उतरल्यावर दुसरी, आणि झोपेची गोळी दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी, घाईच्या मानाने फारच सावकाश. गावातल्या डॉक्टरांवर रागावू नका. समोर रडणारी बाई, बाहेर रांग, आणि काहीतरी द्या म्हणणारा मुलगा, अशा वेळी नुसते ऐकून घेऊन चिठ्ठी न देता परत पाठवणे किती अवघड असते, ते मला ठाऊक आहे.

आई रक्तदाबाची गोळी घेत असतील तर त्या भेटीला जाताना तिची पट्टी बरोबर घ्या आणि मागची बारीक अक्षरे वाचून थायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असे काही लिहिले आहे का ते डॉक्टरांना दाखवा. सोडियमची तपासणी मात्र भेटीची वाट न पाहता उद्याच करून घ्या.